पैसे आले, पण कोणाचे?

तालुक्याच्या गावी मुलींचे वसतिगृह चालवणाऱ्या एका छोट्या संस्थेचा मी गेली काही वर्षे खजिनदार आहे. पूर्वी देणगीची आमची सगळी यंत्रणा म्हणजे कार्बन घातलेले पावतीपुस्तक. देणारा समोर बसलेला असे. नाव विचारायचे, पत्ता विचारायचा, रक्कम आकड्यांत आणि अक्षरी लिहायची, सही करायची आणि वरचे पान फाडून हातात द्यायचे. पैसे, माणूस आणि कागद एकाच टेबलावर एकाच मिनिटात भेटत. वेबसाइटवर ‘देणगी द्या’ हे बटण आले आणि हे तिघे वेगवेगळ्या वाटांनी येऊ-जाऊ लागले. पैसे गेटवेकडून दोन-तीन कामाच्या दिवसांनी खात्यात पडतात, माणसाची माहिती फॉर्ममधून येते आणि पावती ई-मेलने जाते. ऑनलाइन देणगीत जे काही बिघडते ते बहुतेक वेळा या तिघांची गाठ न पडल्यामुळे. ही गाठ कुठे सुटते आणि कशी बांधून ठेवायची, एवढ्यापुरताच हा आढावा.

सुरुवात बहुतेक संस्था करतात ती यूपीआयच्या क्यूआर कोडने. बँक एक चित्र देते, ते वेबसाइटवर लावले की काम झाले असे वाटते. शुल्क नाही, गेटवेची कागदपत्रे नाहीत, पैसे थेट खात्यात. पण महिनाअखेर बँकेचे स्टेटमेंट उघडले की ओळीवर ओळी दिसतात आणि प्रत्येकीत असतो एक यूपीआय पत्ता, बारा आकडी संदर्भ क्रमांक आणि मध्येच तोडलेले नाव. ‘SUNITA RA’ म्हणजे सुनीता राणे की सुनीता राऊत? पत्ता तर नाहीच. पावती करायची कोणाच्या नावे?

ही गैरसोय केवळ पावतीपुरती असती तर चालून गेले असते. आयकर अधिनियम १९६१ चे कलम ११५बीबीसी निनावी देणग्यांवर कर लावते, आणि निनावी म्हणजे काय याची त्याची व्याख्या साधी आहे: देणाऱ्याचे नाव, पत्ता अशी ओळख सांगणारी नोंद संस्थेकडे नसेल ती देणगी निनावी. एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये, यांपैकी जी रक्कम मोठी तेवढी सूट मिळते. त्यावरच्या रकमेवर सरळ तीस टक्के दर. समजा, एखाद्या संस्थेला वर्षभरात बारा लाखांच्या देणग्या आल्या. पाच टक्के म्हणजे साठ हजार, म्हणून सूट एक लाखाची. क्यूआरवर एक लाख ऐंशी हजार आले आणि त्यांची नावे-पत्ते नाहीत. मग ऐंशी हजारांवर चोवीस हजार कर, वर उपकर. देणाऱ्यांनी मनापासून दिलेल्या पैशातले चोवीस हजार फक्त पत्ता न विचारल्याबद्दल गेले. निव्वळ धार्मिक संस्थांना हे कलम लागू नाही, म्हणून देवळाच्या दानपेटीचे उदाहरण इथे उपयोगाचे नाही. आमच्या एका विश्वस्तांनी ते मला तीन बैठकांत दिले होते.

म्हणून गेटवेचे पान. रेझरपे, कॅशफ्री, पेयू, इन्स्टामोजो असे अनेक जण ही सेवा देतात आणि कामाची रीत सगळ्यांची थोड्याफार फरकाने एकच. सुरुवातीलाच एक घोळ होतो तो सांगतो. गेटवेच्या बोलीत ‘पेमेंट लिंक’ आणि ‘पेमेंट पेज’ या दोन वेगळ्या वस्तू असतात. लिंक ही बहुधा एका माणसाकडून एकदाच पैसे घेण्यासाठी असते, उधारीच्या बिलासारखी. ती भरली की संपली. पेज मात्र कायम उघडे राहते. पहिली लिंकच वेबसाइटवर चिकटवली तर पहिला देणगीदार भरून जातो आणि दुसऱ्याला ‘ही रक्कम भरलेली आहे’ असे दिसते. तो बिचारा बंद करून निघून जातो, कळवत नाही. संस्थेला वाटते, प्रतिसादच नाही.

पानावर काय विचारावे यावर संस्थांमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, जितके कमी तितके बरे, नाहीतर माणूस अर्ध्यावर पळतो. दुसरा पॅनपासून जन्मतारखेपर्यंत सगळे सक्तीचे करतो. माझे मत मध्ये आहे. नाव, पत्ता आणि ई-मेल सक्तीचे ठेवावेत, कारण त्यांच्याशिवाय देणगी निनावी ठरते किंवा पावती पोचत नाही. पॅन मात्र ऐच्छिक ठेवून रकान्याखाली एक वाक्य स्पष्ट लिहावे: ‘पॅन दिल्यास आयकर सवलतीचे प्रमाणपत्र मिळेल.’ दोनशे रुपये देणाऱ्या कॉलेजच्या मुलाला पॅनसाठी अडवून ठेवण्यात अर्थ नाही. पगारदारांपैकी अनेक जण आता नव्या करप्रणालीत आहेत आणि तिथे ८०जीची वजावट मिळतच नाही. त्यांनाही हे वाक्य वाचून निर्णय घेता येतो. पॅन घेतलाच तर त्याची ठेवण तपासणारी अट रकान्यावर लावावी: पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर. त्यातले चौथे अक्षर व्यक्तीसाठी P, कंपनीसाठी C, हिंदू अविभक्त कुटुंबासाठी H असते. नाव ‘श्री. अमुक’ आणि चौथे अक्षर C असेल तर देणगीदाराने घाईत आपल्या कंपनीचा पॅन टाकला आहे. हे त्याच दिवशी विचारून घेतलेले बरे. मे महिन्यात विचारायला गेले की तो माणूस फोन उचलत नाही.

ही माहिती गेटवेच्याच पानावर घ्यावी, की आधी आपला गूगल फॉर्म भरून घेऊन मग पैसे भरायला पाठवावे? दुसरी पद्धत आम्ही वर्षभर वापरली आणि सोडली. लोक फॉर्म भरतात आणि पैसे भरायचे राहून जाते. किंवा दुसऱ्याच दिवशी थेट पेजवर जाऊन भरतात. मग दोन याद्या समोर ठेवून जुळवाजुळव करत बसायचे. नाव-पत्ता गेटवेच्या पानावर घेतला की तो त्या व्यवहारालाच जोडून राहतो. आपली वेबसाइट त्या रात्री झोपलेली असली तरी पैसे आणि ओळख एकत्रच प्रवास करतात.

आता परदेशातल्या मराठी माणसाकडे यायला हवे, कारण त्याच्याबाबतची चूक सगळ्यांत महाग पडते. गावातून शिकून न्यू जर्सीला स्थायिक झालेला माजी विद्यार्थी शाळेला पैसे पाठवू इच्छितो, यापेक्षा चांगली गोष्ट कोणती? पण परकीय देणगी नियमन कायदा, २०१०, म्हणजे एफसीआरए, माणूस कुठे राहतो हे बघत नाही, त्याचा पासपोर्ट कोणता हे बघतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने आपल्या बचतीतून, बँकेच्या नेहमीच्या मार्गाने दिलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत, मग तो ग्रीन कार्डवाला का असेना. त्याच्या शेजारच्या घरातल्या भावाने अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल तर त्याचे पन्नास डॉलरसुद्धा परकीय देणगी. ओसीआय कार्डाने यात काही फरक पडत नाही. तो सुट्टीला पुण्यात येऊन इथल्या खात्यातून यूपीआयने भरतो तेव्हाही नाही. परकीय देणगी घ्यायला एफसीआरए नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती फक्त भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. आपल्या नेहमीच्या पेजवर ती आली तर नोंदणी असूनही चूक, नसेल तर अपराध.

यावर दोनच गोष्टी हातात आहेत. नोंदणी नसेल तर गेटवेवर आंतरराष्ट्रीय कार्डे बंद ठेवायची आणि फॉर्मवर ‘मी भारताचा/ची नागरिक आहे’ ही खूण सक्तीची करायची. परदेशातला भारतीय नागरिक द्यायचाच म्हणाला तर पासपोर्टच्या पानाची प्रत मागून फाइलला लावायची. हे मागताना संकोच होतो, हे कबूल. आमच्या एका माजी विद्यार्थिनीला मी पासपोर्ट मागितला तर ती म्हणाली, “काका, तुम्हीच तर माझ्या फॉर्मवर सही केली होती पासपोर्टच्या!” तिच्या हातात आता निळा पासपोर्ट होता, पण तो अमेरिकेचा. पैसे घेतले नाहीत.

पैसे ‘आले’ असे कोणत्या क्षणी म्हणायचे, हा पुढचा प्रश्न, आणि पावतीच्या मेलची सगळी तांत्रिक गंमत यातच आहे. साधा समज असा की पैसे भरून झाले की देणगीदार आपल्या वेबसाइटच्या ‘धन्यवाद’ पानावर परत येतो, तेव्हाच पावती धाडावी. ते चालत नाही. यूपीआयने भरणारा माणूस बँकेच्या ॲपमध्ये पिन टाकतो आणि तिथूनच फोन खिशात टाकतो. धन्यवाद पान उघडतच नाही. उलट, त्या पानाचा पत्ता कोणालाही कॉपी करून पुन्हा उघडता येतो. म्हणून गेटवे स्वतःहून आपल्या सर्व्हरला जो निरोप धाडतो, ज्याला वेबहुक म्हणतात, त्यावरच विसंबावे. रेझरपेच्या बाबतीत त्या निरोपाचे नाव `payment.captured`. त्याच्या आधीची अवस्था `authorized`: बँकेने होकार दिला आहे, पण गेटवेने रक्कम पक्की केलेली नाही. तशीच राहिली तर ती देणाऱ्याला परत जाते. त्या टप्प्यावर पावती काढू नये. काही व्यवहार आधी ‘फेल’ दिसतात आणि बँकेचे उत्तर उशिरा आल्याने थोड्या वेळाने यशस्वी होतात. तेव्हा ‘तुमचे पैसे आले नाहीत, पुन्हा भरा’ असा मेल आपोआप जाऊ देऊ नये. दोनदा भरलेले परत करण्यात गेटवेचे शुल्क आपल्याच अंगावर येते.

हा निरोप एकापेक्षा जास्त वेळा येऊ शकतो. काही सेकंदांत आपल्याकडून ‘मिळाले’ असे उत्तर गेले नाही तर गेटवे तोच निरोप पुन्हा धाडतो, आणि उत्तर उशिरा जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे आपण त्याच क्षणी पीडीएफ तयार करून मेल पाठवत बसलेलो असतो. परिणाम: एका देणगीच्या तीन पावत्या, तीन वेगवेगळ्या क्रमांकांच्या. हिशेब तपासनीस विचारतात, पंधरा हजार आले की पाच? उपाय सोपा आहे. निरोप आला की देणगी-नोंदवहीत एक ओळ टाकायची, लगेच उत्तर द्यायचे, आणि पावतीचे काम दर दहा मिनिटांनी चालणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमवर सोपवायचे. त्या नोंदवहीत गेटवेचा व्यवहार क्रमांक, `pay_` ने सुरू होणारा, एकदाच लिहिता येईल अशी अट टाकायची. दुसऱ्यांदा तोच क्रमांक आला की गप्प बसायचे. पावतीपुस्तकात छापील क्रमांक असत ते याचसाठी.

निरोप खरोखर गेटवेचाच आहे का, हेही बघावे लागते, कारण तो ज्या पत्त्यावर येतो तो इंटरनेटवर उघडा असतो. कोणीही तिथे ‘पन्नास हजार आले’ असा खोटा निरोप टाकून ८०जीची पावती मिळवू शकेल. त्यासाठी गेटवे निरोपाच्या शीर्षकात `X-Razorpay-Signature` अशी सही जोडतो. आपल्याकडच्या गुप्त शब्दाने तीच सही आपण पुन्हा काढून ताडायची असते. इथे छोट्या संस्थांची पंचाईत होते. त्यांतल्या अनेक जणी सर्व्हर नको म्हणून गूगल शीटला जोडलेली ॲप्स स्क्रिप्ट वापरतात, आणि तिच्या `doPost` ला निरोपाचे शीर्षक दिसतच नाही. सही तिथवर पोचत नाही, तर ताडणार काय? यातून वाट अशी, की निरोपातला फक्त व्यवहार क्रमांक घ्यायचा, बाकी सगळे टाकून द्यायचे, आणि आपण होऊन गेटवेला विचारायचे: या क्रमांकाचे काय झाले, किती रक्कम, कोणाची? गेटवेच्या उत्तरावरच पावती काढायची. हे मला एका तरुण कार्यकर्त्याने दाखवले, तोपर्यंत आम्ही वर्षभर उघड्या दारानेच पावत्या वाटत होतो. कोणी आत आले नाही, हे नशीब.

रक्कम आणि तारीख हे पावतीतले दोन सोपे वाटणारे रकाने, आणि आमच्या दोन्ही मोठ्या चुका तिथेच झाल्या. गेटवे रक्कम पैशांत सांगतो. हजार रुपये म्हणजे त्याच्या लेखी `100000`. आमची पहिली पावती एका निवृत्त शिक्षकांना गेली, एक लाख रुपये फक्त. त्यांचा फोन आला, “अहो, हजार भरले मी. एवढं तर मला वर्षात साठत नाही.” सही माझी होती, स्कॅन केलेली. तेव्हापासून रक्कम अक्षरी लिहिणारी ओळ आम्ही परत आणली. आकडा चुकला की अक्षरी वाचताना डोळ्यांवर येतो.

तारखेची चूक जास्त छुपी होती. गेटवे वेळ सांगतो ती सेकंदांच्या एका लांबलचक आकड्यात, आणि क्लाउडवरचे बहुतेक सर्व्हर घड्याळ जागतिक वेळेचे ठेवतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. एका देणगीदाराने १ एप्रिल २०२५ ला पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी पाच हजार भरले. सर्व्हरच्या घड्याळात तेव्हा ३१ मार्चचे रात्रीचे आठ चाळीस झाले होते. पावतीवर ३१ मार्च छापले गेले, क्रमांकही जुन्या वर्षाच्या मालिकेतला पडला. देणगीदाराच्या बँकेत १ एप्रिल, आमच्या पावतीवर ३१ मार्च, म्हणजे दोन वेगळी आर्थिक वर्षे. वर्षातल्या इतर कोणत्याही पहाटे ही चूक कोणाच्या लक्षात आली नसती. दुरुस्ती चार ओळींची होती:

```python
from datetime import datetime, timezone, timedelta
IST = timezone(timedelta(hours=5, minutes=30))
t = datetime.fromtimestamp(1743453600, IST)   # 2025-04-01 02:10
rupees = p["amount"] / 100
```

याच पाच हजारांचे पुढे काय झाले ते पाहू. देणगीदाराने ते क्रेडिट कार्डाने भरले होते. आमच्या करारात गेटवेचे शुल्क दोन टक्के, म्हणजे शंभर रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, अठरा रुपये. ४ एप्रिलला खात्यात पडले ४,८८२. पावती किती रुपयांची? पाच हजारांचीच, कारण देणाऱ्याने पाच हजार दिले. एकशे अठरा हा संस्थेचा खर्च आहे आणि तो खर्चाच्या बाजूलाच दिसला पाहिजे. बँकेच्या स्टेटमेंटवरून पावत्या करणाऱ्या संस्था इथे चुकतात आणि देणगीदाराला ४,८८२ ची पावती धाडतात. माणूस रागावतो, आणि बरोबरच रागावतो. शिवाय गेटवे प्रत्येक देणगी वेगळी जमा करत नाही, दिवसभराची एकत्र मोळी जमा करतो. त्यामुळे स्टेटमेंटवर ४,८८२ असा आकडा सापडतच नाही. सापडतो सतरा जणांचा मिळून एक आकडा. मार्चअखेरीस भरलेले पण एप्रिलमध्ये जमा झालेले पैसे ताळेबंदात ‘गेटवेकडून येणे’ या नावाने दाखवतात. देणगीची तारीख भरण्याचीच धरायची, की जमा होण्याची, हे हिशेब तपासनीसांशी एकदा ठरवून घ्यावे आणि पावती, खतावणी, विवरणपत्र या तिन्हींत तेच पाळावे.

आता पावतीवरच्या मजकुराबद्दल. संस्थेचे नाव-पत्ता, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, संस्थेचा पॅन, ८०जी मान्यतेचा क्रमांक आणि ती कधीपर्यंत आहे, देणगीदाराचे नाव-पत्ता, रक्कम, तारीख, व्यवहार क्रमांक. यातली मान्यतेची मुदत लोक विसरतात. तात्पुरती मान्यता तीन वर्षांची, नियमित पाच वर्षांची. मुदत संपली आणि नूतनीकरण अडले तरी यंत्र आपले ‘८०जीखाली सवलतपात्र’ छापत राहते, कारण त्याला कोणी थांबायला सांगितलेले नसते. मुदतीची तारीख प्रोग्रॅममध्ये वेगळी ठेवून ती उलटली की ती ओळ आपोआप गळावी, एवढे करून ठेवावे. तसेच कलमांचे आकडे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू आहे आणि जुन्या कलमांचे क्रमांक त्यात बदलले आहेत. मी या लेखात जुनेच आकडे वापरतोय, कारण लोकांच्या तोंडी तेच आहेत आणि जुन्या वर्षांच्या देणग्यांना तेच लागतात. पावतीच्या साच्यात मात्र ते कायमचे कोरून ठेवू नयेत.

आणि मेलने गेलेली ही पावती म्हणजे सवलतीचे प्रमाणपत्र नव्हे. मे महिन्यात माझा फोन तापतो तो या गैरसमजामुळे. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून संस्थेने वर्षभरातल्या देणगीदारांचे विवरणपत्र, फॉर्म १०बीडी, पुढच्या ३१ मेपर्यंत आयकराच्या पोर्टलवर भरायचे असते. प्रत्येक ओळीला देणगीदाराचा ओळख क्रमांक, नाव, पत्ता, रक्कम, देणगीचा प्रकार आणि ती कशी आली ते लागते. भरल्यावर पोर्टलच प्रत्येकासाठी १०बीई हे प्रमाणपत्र तयार करते, आणि देणगीदाराला वजावट मागायला ते लागते. उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये शुल्क. म्हणून पावतीच्या मेलमध्ये आम्ही आता ठळक लिहितो: ‘ही पावती आहे. आयकरासाठीचे १०बीई प्रमाणपत्र तुम्हाला मे महिन्यात वेगळे मिळेल.’ एवढ्या दोन वाक्यांनी फोन निम्मे झाले. पतीच्या कार्डाने भरले आणि पॅन पत्नीचा दिला, अशा ओळी विवरणपत्रात नेमक्या अडचणीच्या. आम्ही त्याच आठवड्यात विचारून घेतो की देणगी कोणाची, आणि उत्तर नोंदवहीत लिहून ठेवतो.

पावती मराठीत हवी, हा आमचा हट्ट. पीडीएफ बनवणाऱ्या अनेक जुन्या लायब्ररींना देवनागरी जुळवता येत नाही. अक्षरे एकामागून एक ठेवून देतात. ‘निधी’ची पहिली वेलांटी ‘न’च्या मागे जाऊन बसते, ‘विठ्ठल’चा ‘ठ्ठ’ फुटून हलंत दिसतो. स्क्रीनवर मजकूर बरोबर, पीडीएफमध्ये वाटोळे. पावतीचे पान एचटीएमएलमध्ये लिहून क्रोमकडूनच त्याचे पीडीएफ छापून घेतले की जोडाक्षरे जागच्या जागी येतात. ज्याच्या नावात जोडाक्षर नाही अशा माणसावर चाचणी घेऊ नये. आमची पहिली चाचणी ‘कमल पवार’ या नावावर होती आणि उत्तम झाली होती.

शेवटची वाट मेलची. गूगल शीटमधून मेल धाडणाऱ्यांना एक मर्यादा ठाऊक हवी: साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्टला दिवसाला शंभर जणांनाच मेल करता येतो, संस्थेच्या वर्कस्पेस खात्यावरून पंधराशे. एरवी शंभर पुष्कळ. पण संस्थेवर एखाद्या दिवाळी अंकात लेख आला की शंभराव्या देणगीदारानंतर पावत्या थांबतात. नोंदवहीत ‘पावती गेली’ हा रकाना वेगळा असेल तरच कोण राहिले ते कळते.

त्याहून त्रासदायक म्हणजे मेल जातो, पण स्पॅममध्ये. एका उन्हाळ्यात आम्हाला रोज चार-पाच फोन येऊ लागले: पैसे पोचले का? नोंदवही म्हणत होती, पावती गेली. चौकशी केली तेव्हा कळले, की वेबसाइट नव्या होस्टिंगवर नेताना कोणीतरी डोमेनवर एसपीएफची दुसरी ओळ घातली होती. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने मेल पाठवायची मुभा कोणाला, याची जाहीर यादी. अशी ओळ डोमेनला एकच चालते. दोन असल्या की मेल घेणारा दोन्ही रद्द धरतो, आणि मग खरा मेलही परका ठरतो. दोन्ही याद्या एका ओळीत आणल्या:

```
v=spf1 include:_spf.google.com include:amazonses.com ~all
```

तपासायला तज्ज्ञ लागत नाही. स्वतःच्या जीमेलवर एक पावती मागवायची, मेलच्या तीन ठिपक्यांतून ‘Show original’ उघडायचे आणि SPF, DKIM, DMARC या तीन नावांपुढे PASS आहे का ते बघायचे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू याबाबत कडक झाले आहेत. दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे, आणि आमच्यासारख्यांनाही पहिल्या दोनांपैकी एक तरी हवेच. मी हे दर महिन्याच्या एक तारखेला करतो, गॅस सिलेंडरचे वजन बघावे तसे.

पत्ताच चुकला असेल तर मात्र यातले काही कामाचे नाही. `gmial.com`, `gmail.con`, आणि एकदा चक्क `gmail.kom`. परत आलेल्या मेलची यादी मी शनिवारी काढतो आणि त्या माणसांना फोन करतो. परवाच्या शनिवारी एक आजी म्हणाल्या, “मेल नातवाचा आहे, तो बघत नाही. तुम्ही पोस्टाने पाठवा.” पत्ता फॉर्मवर होता. पावती छापली, पाकिटात घातली, वर पाच रुपयांचे तिकीट लावले आणि नोंदवहीत ‘पावती गेली’च्या रकान्यात लिहिले: टपालाने.